सहा तुकडे, एकाच क्षेत्रफळाचे

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त एका त्रिकोणाचं उदाहरण आहे. त्याची भूमी, म्हणजे पाया, १४. उरलेल्या दोन भुजा १३ आणि १५. त्यांनी लंब विचारला आहे, लंबामुळे पायाचे होणारे दोन भाग, ज्यांना ते आबाधा म्हणतात, तेही विचारले आहेत आणि शेवटी क्षेत्रफळ. उत्तरं सगळी पूर्णांकात येतात. लंब १२, आबाधा ५ आणि ९, क्षेत्रफळ ८४. त्याच्या कितीतरी शतकं आधी अलेक्झांड्रियाच्या हेरॉननेही आपलं सूत्र समजावताना हाच त्रिकोण घेतला होता. अपूर्णांक टाळायचे असतील तर हा त्रिकोण हाताशी असलेला बरा.

मला तो या प्रकरणासाठी हवा आहे तो आणखी एका कारणाने. त्याच्या तिन्ही बाजू वेगळ्या आहेत, पण फार वेगळ्या नाहीत. मध्यगांची गोष्ट सांगताना बरेच जण फळ्यावर सवयीने समभुज किंवा समद्विभुज त्रिकोण काढतात आणि तिथेच घोळ होतो. समभुज त्रिकोणाच्या तीन मध्यगा काढल्या की सहा तुकडे होतात आणि ते सहाही एकरूप असतात. एक कापून दुसऱ्यावर ठेवला तर तंतोतंत बसतो (काही उलटे करून ठेवावे लागतील, इतकंच). मग त्यांची क्षेत्रफळं सारखी असली तर त्यात नवल काय? नवल दिसायचं असेल तर तुकडे एकमेकांवर बसताच कामा नयेत.

म्हणून कागद आडवा धरा आणि १४ सेंटिमीटरचा पाया आखा. डावं टोक ब, उजवं टोक क. ब पासून ५ सेंटिमीटरवर १२ सेंटिमीटर उंचीचा लंब उभारा. त्याचं वरचं टोक अ. आता बाजू अब १३ भरेल आणि अक १५. पायाचा मध्यबिंदू द, उजव्या बाजूचा इ, डाव्या बाजूचा फ. शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंत रेघ म्हणजे मध्यगा. अद, बइ आणि कफ या तिन्ही मध्यगा काढा. त्या एकाच बिंदूत भेटतात, त्याला ग म्हणू.

तयार झालेले सहा तुकडे नीट पाहा. गबद या तुकड्याची परिमिती साधारण १८.५ सेंटिमीटर आहे, शेजारच्या गदकची १९.७. सहांत सगळ्यात आखूड परिमिती गफबची, १८.३, आणि सगळ्यात लांब गकइची, १९.९. कोन निराळे, बाजू निराळ्या, एकही तुकडा दुसऱ्यावर बसत नाही. तरीही प्रत्येकाचं क्षेत्रफळ बरोबर १४ चौरस सेंटिमीटर. हे कसं, ते पाहायला एकच वाक्य पुरतं: ज्या दोन त्रिकोणांची उंची सारखी, त्यांची क्षेत्रफळं त्यांच्या पायांच्या प्रमाणात असतात. क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंचीच्या निम्मं, त्यामुळे यात सिद्ध करण्यासारखं काही उरतच नाही. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं अडतिसावं विधान हेच समान पायांपुरतं सांगतं. आपल्याकडे दहावीच्या भूमितीत समरूपतेच्या प्रकरणात हा गुणधर्म अगदी सुरुवातीला येतो, विद्यार्थी तो दोन गुणांचा प्रश्न म्हणून सोडवतात आणि पुढे जातात. त्याच्या पोटात काय काय आहे, हे मात्र सहसा तिथे उघडून दाखवलं जात नाही.

पहिला उपयोग सरळ आहे. अद ही मध्यगा बकला मधोमध छेदते. अबद आणि अदक या दोन त्रिकोणांचे पाये ७-७ आणि उंची दोघांचीही अ पासूनची, १२. म्हणून दोघांचं क्षेत्रफळ ४२. प्रत्येक मध्यगा त्रिकोणाचे दोन समान भाग करते, एवढं झालं.

दुसरा उपयोग किंचित आडवळणाचा आहे, पण सगळी खुबी त्यात आहे. बइ या मध्यगेवर कुठलाही एक बिंदू घ्या, त्याला प म्हणू. आता बअप आणि बकप हे दोन त्रिकोण पाहा. अख्खे बअइ आणि बकइ समान आहेत, कारण बइ मध्यगा आहे. पअइ आणि पकइ हेही समान आहेत, कारण त्यांचेही पाये अइ आणि इक समान आणि उंची प पासूनची, एकच. समानातून समान वजा केलं की उरलेले बअप आणि बकप समान. म्हणजे मध्यगेवरच्या प्रत्येक बिंदूपासून तिच्या दोन बाजूंचे त्रिकोण सारखे भरतात. मध्यगा तिच्या संपूर्ण लांबीवर न्याय करते, फक्त टोकाला नव्हे.

हीच वजाबाकी समान पायांच्या ऐवजी कुठल्याही पायांवर चालते. अ मधून निघालेली रेघ बकला द मध्ये कशीही छेदो, तिच्यावरच्या बिंदूपासूनचे डावे-उजवे त्रिकोण बद आणि दक यांच्याच प्रमाणात असणार. उलट बाजूने वाचलं तर, ते दोन त्रिकोण समान निघाले की द हा मध्यबिंदूच असला पाहिजे.

आता पुस्तकांत जिथे घाई होते ती जागा. सहा तुकड्यांची नेहमीची सिद्धता अशी असते: एकाच बाजूवरच्या शेजारी तुकड्यांच्या जोड्यांना क्ष, य, ज्ञ अशी नावं द्या, मध्यगांची समीकरणं मांडा आणि तिन्ही समान दाखवा. सिद्धता बरोबर आहे, पण तिन्ही मध्यगा एकाच बिंदूतून जातात हे तिने आधीच धरलेलं असतं. ते धरायचा अधिकार कुणी दिला? तीन रेघा सहसा एका बिंदूत भेटत नाहीत. मध्ये एक छोटा त्रिकोण राहतो आणि तुकडे सहाच्या ऐवजी सात होतात. म्हणून फक्त दोनच मध्यगा घेऊन सुरुवात करू या.

बइ आणि कफ काढा. त्या ग मध्ये भेटतात. ग हा बइ वर आहे, म्हणून गअब आणि गबक समान. ग हा कफ वरही आहे, म्हणून गकअ आणि गबक समान. झालं: गअब, गबक आणि गकअ हे तिन्ही समान, प्रत्येकी मूळ त्रिकोणाचा तिसरा हिस्सा, आपल्या उदाहरणात २८. आता अग जोडा आणि ती रेघ खाली बक पर्यंत वाढवा. तिच्या डावीकडचा गअब आणि उजवीकडचा गकअ समान आहेत, हे आताच कळलं. म्हणजे ती रेघ बकला मध्यातच छेदते. तिसरी मध्यगा ती हीच. ती ग मधून जावी म्हणून वेगळी खटपट करावी लागली नाही.

आणि त्याच श्वासात सहा तुकडेही झाले. २८ च्या प्रत्येक त्रिकोणाचे ग पासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेघेने पुन्हा दोन समान भाग होतात. २८ चे १४ आणि १४. तीनदा तेच.

याचं पहिलं फळ म्हणजे ते प्रसिद्ध २:१. ग हा बिंदू प्रत्येक मध्यगेला शिरोबिंदूकडून २:१ या प्रमाणात विभागतो, हे शाळेत वेगळं प्रमेय म्हणून शिकवतात. त्यासाठी मध्यगा बाहेर वाढवून समांतरभुज चौकोन काढतात, मध्यबिंदूंचं प्रमेय लावतात. क्षेत्रफळांच्या वाटेने गेलं तर ते एका ओळीत येतं. बअग आणि बगद या दोन त्रिकोणांचे पाये अग आणि गद एकाच रेघेवर आहेत, उंची ब पासूनची, दोघांची एकच. पहिल्यात चौदाचे दोन तुकडे आहेत, दुसऱ्यात एक. तर मग अग ही गदच्या दुप्पट. लांबीचं प्रमाण काढायला आपण लांबी एकदाही मोजली नाही, तुकडे मोजले. मला तरी ही सिद्धता समांतरभुज चौकोनाच्या सिद्धतेहून जास्त स्वच्छ वाटते.

याचीच दुसरी बाजू: ग ची पायापासूनची उंची अ च्या उंचीच्या एकतृतीयांश, म्हणजे १२ ची ४.

इथे एक फसगत सांगितली पाहिजे आणि ती आपल्या त्रिकोणात फारच छान दिसते. मध्यगांच्या ऐवजी कुणी चुकून कोनदुभाजक काढले, तर तेही एकाच बिंदूत भेटतात आणि त्रिकोणाचे सहाच तुकडे होतात. तो बिंदू म्हणजे अंतर्वर्तुळाचं केंद्र. त्याचं तिन्ही बाजूंपासूनचं अंतर सारखं असतं. इथे परिमिती ४२, तिचं निम्मं २१, आणि ८४ भागिले २१ म्हणजे ४. म्हणजे हा बिंदूही पायापासून ४ च्याच उंचीवर! आपला ग आणि हा अंतर्मध्य यांच्यात आडवं अंतर उरतं फक्त ३ सेंटिमीटरच्या नवव्या हिश्श्याएवढं, साडेतीन मिलिमीटरसुद्धा नाही. जाड पेन्सिलीने काढलेल्या आकृतीत दोन्ही चित्रं जवळजवळ एकच दिसतील.

क्षेत्रफळं मात्र फसत नाहीत. कोनदुभाजकांमुळे होणारे तीन मोठे त्रिकोण २८-२८-२८ नसतात. सगळ्यांची उंची ४ आणि पाया १३, १४, १५, म्हणून ते २६, २८ आणि ३० भरतात. अ मधून येणारा दुभाजक पायाचे ६.५ आणि ७.५ असे भाग करतो, त्यामुळे पायावरचे दोन तुकडे १३ आणि १५. बाकीच्या चारांत सगळ्यात लहान साधारण १२.६ आणि सगळ्यात मोठा १५.६. तेव्हा आकृती मध्यगांची की दुभाजकांची, असा संशय आला तर मधल्या बिंदूकडे पाहत बसू नये, रेघा जिथे बाजूंना टेकतात तिथे पट्टी लावावी.

एकतृतीयांशाचा हिशेब जमिनीच्या वाटणीत फार सोयीचा आहे. समजा त्रिकोणी शेत आहे, तीन भाऊ आहेत आणि विहीर एकच आहे, तीही नेमकी ग वर. विहिरीपासून तीन कोपऱ्यांपर्यंत बांध घातले की तिघांना समान जमीन मिळते, प्रत्येकाला शेताची एक अख्खी बाजू मिळते आणि विहीर तिघांच्याही हद्दीवर राहते. सहा वारस असतील तर प्रत्येक बाजूच्या मध्यापर्यंत आणखी तीन बांध. कुंपणाचा खर्च मात्र सारखा येणार नाही, ते वर परिमितींत दिसलंच.

याच जागी अनेकांना वाटतं की ग मधून जाणारी कुठलीही रेघ शेताचे दोन समान भाग करत असेल. कारणही तसंच सुचतं. जाड पुठ्ठ्याचा त्रिकोण कापून ग खाली पेन्सिलीचं टोक टेकवलं तर तो आडवा तोलून राहतो. हा तोलबिंदू मध्यगांच्या छेदावरच असतो, हे आर्किमिडीजने पातळीवरील आकृत्यांच्या समतोलावर लिहिलेल्या ग्रंथात सिद्ध केलं आहे. त्रिकोणाच्या पायाला समांतर अशा बारीक पट्ट्या कल्पिल्या तर प्रत्येक पट्टीचा मध्य मध्यगेवर येतो, म्हणून तोल मध्यगेवरच कुठेतरी असणार. तिन्ही मध्यगांसाठी हेच खरं, म्हणून तो ग वर. मग तोलबिंदूतून जाणाऱ्या रेघेच्या दोन्ही अंगांना सारखंच क्षेत्रफळ असेल ना?

नाही. ग मधून पायाला समांतर रेघ काढून पाहा. वरचा त्रिकोण मूळ त्रिकोणाशी समरूप आहे, त्याची उंची ८, म्हणजे मूळच्या दोनतृतीयांश. क्षेत्रफळ प्रमाणाच्या वर्गाने बदलतं, म्हणून वर चार नवमांश आणि खाली पाच नवमांश. चौऱ्याऐंशीत ते ३७⅓ आणि ४६⅔ होतात. इतका फरक असून पुठ्ठा या रेघेवर तोलतो, कारण तोलात क्षेत्रफळाबरोबर अंतरही मोजलं जातं. वरचा भाग लहान, पण त्याचा स्वतःचा तोलबिंदू रेघेपासून साधारण २.६७ सेंटिमीटर दूर. खालचा भाग मोठा, पण त्याचा तोलबिंदू २.१३ सेंटिमीटरवरच. गुणाकार दोन्हीकडे सारखा येतो. ग मधल्या रेघांपैकी क्षेत्रफळाचे बरोबर दोन भाग करणाऱ्या रेघा फक्त तीन, आणि त्या म्हणजे या मध्यगा.

तुकडे मोजण्याची सवय लागली की पुढची प्रमाणं जवळजवळ तोंडी येतात. फ आणि इ जोडा. अफइ हा कोपरा मूळ त्रिकोणाचा चौथा हिस्सा, २१. पण अफगइ या चौकोनात चौदाचे दोन तुकडे आहेत, २८. म्हणून गफइ हा चिमुकला त्रिकोण ७, मूळचा बारावा हिस्सा.

याहून रंजक प्रश्न असा की तीन मध्यगांच्याच लांबीच्या बाजू घेऊन त्रिकोण केला तर त्याचं क्षेत्रफळ किती? आपल्या मध्यगा साधारण १२.१७, ११.२४ आणि १२.९७ आहेत. हेरॉनच्या सूत्रात हे आकडे घालून वर्गमूळ काढत बसायला हरकत नाही, पण तुकडे हे काम स्वस्तात करतात. गद ही रेघ द च्या पलीकडे तेवढीच वाढवा. टोकाला ट म्हणू. आता गट ही गदच्या दुप्पट, म्हणजे अग एवढी. बगकट या चौकोनाचे कर्ण एकमेकांना द मध्ये दुभागतात, म्हणून तो समांतरभुज, आणि कट ही बग एवढी. तर गकट या त्रिकोणाच्या बाजू झाल्या अग, बग आणि कग, म्हणजे तिन्ही मध्यगांचे दोनतृतीयांश. त्याचं क्षेत्रफळ? गदक १४ आणि दकट तेवढाच, कारण गद आणि दट समान. एकूण २८, मूळच्या एकतृतीयांश. बाजू दोनतृतीयांशावरून पूर्ण मध्यगेएवढ्या केल्या तर प्रत्येक बाजू दीडपट, क्षेत्रफळ सव्वादोनपट. २८ ची सव्वादोनपट ६३. म्हणजे मध्यगांचा त्रिकोण नेहमी मूळ त्रिकोणाच्या पाऊणपट.

या पाऊणपटीचा उलटा उपयोग परीक्षांत येतो. मध्यगा ९, १२ आणि १५ दिल्या आहेत, त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढा. बाजू शोधायला निघालेला विद्यार्थी समीकरणांत अडकतो. ९, १२, १५ चा त्रिकोण काटकोन, क्षेत्रफळ ५४. ते पाऊण असेल तर पूर्ण ७२.

शेवटी, मध्यबिंदू सोडून दिले तर काय होतं तेही बघू. मध्याच्या ऐवजी प्रत्येक बाजूवर एकतृतीयांशावर खूण करा, पण एकाच दिशेने फिरत: बक वर ब पासून एकतृतीयांशावर द, कअ वर क पासून एकतृतीयांशावर इ, अब वर अ पासून एकतृतीयांशावर फ. पुन्हा अद, बइ, कफ काढा. या वेळी रेघा एका बिंदूत भेटत नाहीत आणि मध्ये एक त्रिकोण उरतो. अद आणि बइ जिथे छेदतात त्या बिंदूला म म्हणू. म हा अद वर आहे, म्हणून मअब आणि मकअ यांचं प्रमाण बद आणि दक यांच्याएवढं, १ ला २. म हा बइ वरही आहे, म्हणून मअब आणि मबक यांचं प्रमाण अइ आणि इक यांच्याएवढं, २ ला १. तिन्ही एकत्र मांडले तर मबक एक भाग, मअब दोन भाग, मकअ चार भाग, एकूण सात. म्हणून मअब मूळ त्रिकोणाच्या दोन सप्तमांश, आपल्याकडे २४. बाकीच्या दोन छेदबिंदूंपाशीही तेच घडतं. २४ चे तीन त्रिकोण मधल्या त्रिकोणाभोवती चक्राकार बसतात, त्यांची बेरीज ७२, आणि मध्ये उरतात बरोबर १२. बाजूंचे तीन भाग केले, आणि मधला त्रिकोण निघाला मूळच्या एकसप्तमांश.